‘इम्मआ’ म्हणजे होयबा



अरबी भाषेत ‘इम्मआ’ असा एक शब्द आहे. ज्याला स्वतःचे मत नाही, जो ज्याच्याजवळ बसेल त्याच्या सुरात सूर मिसळतो, अशा माणसाला अरब लोक इम्मआ म्हणत. तिर्मिजी शरीफमध्ये हजरत हुजैफा (रजि.) यांच्याकडून आलेल्या एका रिवायतीत हा शब्द येतो. लोक भले वागले तर आम्हीही भले वागू आणि लोकांनी जुलूम केला तर आम्हीही करू, असे म्हणणारे इम्मआ होऊ नका, असा तिचा आशय आहे. तिच्या सनदीविषयी मुहद्दिसीनमध्ये चर्चा आहे आणि याच आशयाचे बोल हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडूनही नोंदले गेले आहेत. मदरशात मी हा शब्द पाठ केला होता. त्याला नेमका मराठी प्रतिशब्द मात्र मला पुढे बी.ए.च्या वर्गात सापडला: होयबा.

हा शब्द आज आठवण्याचे कारण एक मुलगा आहे. गेल्या वर्षी एका रात्री इशाच्या नमाजनंतर सगळे निघून गेले, तरी नववीत शिकणारा एक मुलगा वजूखान्याजवळ घुटमळत राहिला. मी जवळ गेलो तेव्हा त्याने मान खाली घालून विचारले, “मौलाना, मनात नसताना केलेल्या गोष्टीचा गुनाह होतो का?”

मी त्याला बसवले. हळूहळू त्याने सांगितले ते असे. शिकवणी सुटल्यावर पाच मुले शाळेच्या मागच्या भिंतीशी थांबत. त्यांच्यातील एकाकडे पेनड्राइव्हसारखे दिसणारे एक यंत्र होते. त्यातून वाफ ओढायची आणि सोडायची. तिला आंब्याचा वास येई. पहिल्या दिवशी ते यंत्र हातोहात फिरत त्याच्यापर्यंत आले. कोणी त्याला “घे” म्हटले नाही. कोणी धमकावले नाही, हसलेही नाही. यंत्र फक्त त्याच्यापुढे धरले गेले आणि चौघेजण त्याच्याकडे पाहत राहिले. “दोन-तीन सेकंद असतील, मौलाना. पण ते सेकंद फार लांब होते.” त्याने ओढले. आता तीन महिने झाले होते, आणि शाळेत दुसऱ्या तासापासून त्याचे मन वर्गात लागत नव्हते.

वाचकहो, ‘संगतीचा दबाव’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक चित्र उभे राहते. चार टवाळ पोरे एका सुशील मुलाला घेरून उभी आहेत, त्याला भित्रा म्हणत आहेत, सिगारेट त्याच्या तोंडात कोंबत आहेत. असे कधीकधी घडतेही. पण मशिदीत माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी जे सांगितले ते या चित्राशी जुळत नाही. दबाव शांत असतो. त्यात एक पुढे आलेला हात असतो, थोडी प्रतीक्षा असते, आणि या वर्तुळात आपली जागा राहील की जाईल हा एकच प्रश्न असतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मदरशात असताना मी चौदा वर्षांचा होतो. एका वरच्या जमातीतील विद्यार्थ्याने एके दिवशी आपल्या डबीतून जर्द्याचे पान काढले आणि मला बोलावून मोठ्या प्रेमाने दिले. त्या हातात सक्ती नव्हती, इज्जत होती. मला आपल्यात घेतले जात आहे, हे मला त्या पानातून कळले. डोके गरगरले, उलटी झाली, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेथे गेलो. ती सवय सुटायला मला सहा वर्षे लागली. मुलाला काय नकोसे वाटत होते हे विचारून आपल्याला फार काही कळत नाही. त्याला काय हवे होते, हे विचारावे लागते.

सूरह फुरकानमध्ये कयामतच्या दिवसाचे एक दृश्य आहे. अन्याय करणारा माणूस त्या दिवशी आपलेच हात चावेल आणि म्हणेल की, मी अमक्याला मित्र केले नसते तर किती बरे झाले असते. आयतीत त्या मित्राचे नाव नाही. ‘फुलान’, म्हणजे अमुक, एवढेच आहे. त्यामुळे त्या रिकाम्या जागी प्रत्येकाला आपापल्या आयुष्यातले नाव घालून पाहता येते. तफसीरच्या ग्रंथांत या आयतीच्या पार्श्वभूमीला मक्केतील उकबा बिन अबी मुऐत याची हकीकत दिलेली आढळते. उकबाने मेजवानी दिली आणि अल्लाहचे प्रेषित (स.) यांनाही बोलावले. आपण शहादत दिल्याशिवाय तुझे अन्न खाणार नाही, असे त्यांनी सांगितले. पाहुणा उपाशी उठून जाणार याची उकबाला लाज वाटली आणि त्याने कलिमा उच्चारला. हे त्याचा जिवलग मित्र उबय्य बिन खलफ याच्या कानी गेले. काही रिवायतींत उमय्या बिन खलफ असे नाव आहे. तू जाऊन त्यांचा जाहीर अपमान करत नाहीस तोवर मी तुझे तोंड पाहणार नाही, असे मित्र म्हणाला. आणि उकबाने ते केले.

ही हकीकत आपण ‘वाईट मित्राचा परिणाम’ म्हणून सांगतो आणि पुढे जातो. तिचा पहिला अर्धा भाग मात्र आपण नीट पाहत नाही. उकबाने कलिमा उच्चारला तोसुद्धा लाजेपोटी. समोरच्याला नाराज कसे करायचे, या एकाच भीतीने त्याने सकाळी एक गोष्ट केली आणि त्याच भीतीने नंतर तिच्या उलट गोष्ट केली. दोन्ही वेळा निर्णय त्याचा नव्हता. तो इम्मआ होता. चांगल्या संगतीत होता तेवढा वेळ चांगला दिसला, इतकेच.

येथे मला आपल्या घरांविषयी एक कटू गोष्ट बोलायची आहे. आपण कोणत्या मुलाला ‘सीधा’ म्हणतो? जो उलट बोलत नाही, पाहुण्यांपुढे नको म्हणत नाही, मोठ्यांनी सांगितले की का विचारत नाही, त्याला. ताटात वाढलेले नको असले तरी त्याने खायचे, मामूंनी दिलेले नको असले तरी घ्यायचे. चौदा वर्षे आपण त्याच्या तोंडातून ‘नको’ हा शब्द काढून टाकतो आणि पंधराव्या वर्षी तो शब्द भिंतीमागे, चार मित्रांसमोर, कोणत्याही सरावाशिवाय त्याच्या तोंडातून यावा अशी अपेक्षा धरतो. आईवडिलांची इताअत फर्ज आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. पण आज्ञापालन आणि होयबापणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हजरत इब्राहीम (अलै.) यांनी आपल्या वडिलांना आणि कौमला नकार दिला तेव्हा ते तरुणच होते आणि कुरआनने तो नकार कौतुकाने सांगितला आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. मनात नसताना केले, तर गुनाह होतो का? फिकहमध्ये इकराह, म्हणजे जबरदस्ती, हा स्वतंत्र विषय आहे. जिवाची किंवा एखाद्या अवयवाची धमकी असेल तर हुकूम बदलतात. मित्रांची नजर ही इकराह नव्हे. कोणत्याही फकीहने तिला इकराह म्हटलेले नाही आणि मीही त्या मुलाला तशी सवलत दिली नाही. सूरह इब्राहीममध्ये सैतान आपल्या अनुयायांना सांगेल की, माझी तुमच्यावर काही सत्ता नव्हती, मी फक्त हाक मारली आणि तुम्ही ओ दिलीत, तेव्हा मला दोष देऊ नका. हाक आणि ओ यांच्यामध्ये माणसाची एक जागा असते. दोन-तीन सेकंदांची का होईना, पण असते.

तरीही मला एक अडचण होती आणि ती मी आपल्यापासून लपवत नाही. शरीअतमध्ये मूल बालिग झाले की मुकल्लफ होते. खुणा दिसल्या नाहीत तरी बहुतेक फुकहांच्या मते पंधरा वर्षे पुरी होताच होते. आणि नेमक्या याच वयात मित्रांच्या उपस्थितीचा माणसावर सर्वाधिक परिणाम होतो, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ होता; पिवळा दिवा लागल्यावर थांबायचे की पुढे जायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. किशोरवयीन मुले एकटी खेळली तेव्हा त्यांनी फारसे वेडे धाडस केले नाही. त्याच वयाची दुसरी मुले आपले समवयस्क जवळ असताना खेळली तेव्हा धोका पत्करण्याचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले. चोवीस वर्षांपुढील प्रौढांवर मात्र सोबत्यांच्या असण्या-नसण्याने फरक पडला नाही. पुढे मेंदूची चित्रे घेऊन त्याच धर्तीचे प्रयोग झाले, तेव्हा असे दिसले की, मित्र पाहत आहेत एवढ्यानेच किशोरांच्या मेंदूतील बक्षिसाची ओढ निर्माण करणारा भाग अधिक जागा होतो.

यावरून एक गोष्ट निघते. त्या मुलाला धोका ठाऊक नव्हता असे नाही. मी त्याला विचारले तेव्हा त्याने निकोटिन, फुप्फुसे, कर्करोग सगळे घडाघडा सांगितले. शाळेत त्यावर निबंध लिहून बक्षीसही मिळवले होते. एकटा असताना ते ज्ञान त्याच्याजवळ होते. भिंतीशी उभा असताना तराजूच्या दुसऱ्या पारड्यात चार मित्र येऊन बसले. म्हणून मुलांना कुजलेल्या फुप्फुसांची चित्रे दाखवून आपले काम झाले असे समजणे ही मोठी चूक आहे. मग त्याच्यावर जबाबदारी टाकणे न्याय्य आहे का? माझे उत्तर असे आहे की, जबाबदारी त्याच्यावर आहेच, परंतु ती एकट्यावर नाही. तुमच्यातील प्रत्येकजण मेंढपाळ आहे आणि प्रत्येकाला आपल्या कळपाविषयी विचारले जाईल, या आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्हींत आहे. ज्या वयात पोराचा तोल जातो हे आपल्याला ठाऊक आहे, त्या वयात त्याला त्या भिंतीशी एकटे सोडणाऱ्यांचाही हिशेब होणार आहे.

पुढे काय झाले ते सांगतो. त्या पाचांपैकी आणखी दोघांशी माझे, वेगवेगळ्या वेळी, बोलणे झाले. दोघांनीही जवळजवळ तेच सांगितले: मला आवडत नव्हते, पण बाकी सगळ्यांना सवय होती, मीच एकटा कच्चा होतो. म्हणजे पाचांतले तिघे, उरलेल्या चौघांना हे हवे आहे असे समजून ओढत होते. प्रत्येकाने दुसऱ्याचे फक्त बाहेरचे वागणे पाहिले आणि स्वतःचे फक्त आतले मन. 1993 साली डेबोरा प्रेन्टिस आणि डेल मिलर यांनी अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात दारूविषयी विद्यार्थ्यांना विचारले तेव्हा हाच गोंधळ उघड झाला होता. स्वतः जितके संकोचत होते, त्यापेक्षा इतर विद्यार्थी दारूच्या बाबतीत बरेच निर्धास्त आहेत, असे विद्यार्थ्यांना वाटत होते. आणि हे बहुतेकांना वाटत होते, म्हणजे ते खरे असणे शक्यच नव्हते.

आपल्याकडची मुले नेहमी म्हणतात, “आजकाल सगळेच घेतात.” 2019 साली भारतात 13 ते 15 वयाच्या विद्यार्थ्यांची जी तंबाखूविषयक राष्ट्रीय पाहणी झाली, तिच्यात सध्या कोणत्याही रूपात तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण 8.5 टक्के निघाले. शंभरातील नऊही नाहीत. आठ हेही पुष्कळ आहेत, त्यांच्या आईबापांना विचारा. पण उरलेली नव्वदांहून अधिक मुले कोणाला दिसत नाहीत, कारण न ओढण्याला धूर नसतो. ही संख्या मुलाला सांगा. भीती घालण्यासाठी नव्हे. तो एकटा नाही हे त्याला कळावे म्हणून. आपणही जुम्याच्या खुत्ब्यात ‘सगळी तरुण पिढी बिघडली’ असे म्हणतो तेव्हा नकळत त्याच खोट्या मोजणीला हातभार लावतो. मी स्वतः असे बोललो आहे आणि आता बोलत नाही.

दुसरा तास सुरू होताच त्या मुलाचे मन का उडत होते, हेही समजून घेतले पाहिजे. सिगारेट किंवा बिडीचा पहिला झुरका घशाला झोंबतो, खोकला येतो. ती शरीराने दिलेली एक ताकीद असते. वाफेच्या यंत्रांत बहुधा निकोटिनचा क्षार वापरतात. तो घशाला सौम्य लागतो, वर आंबा-पुदिन्याचा गोडवा असतो, त्यामुळे ताकीद पोहोचतच नाही आणि निकोटिन मात्र भरपूर पोहोचते. रक्तातील निकोटिन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. मग अस्वस्थता, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणे सुरू होते, आणि पुन्हा ओढले की बरे वाटते. त्या बरे वाटण्यालाच मुलगा मजा समजतो. किशोरवयात ही पकड रोज ओढू लागण्याच्या आधीच, कधीमधी घेणाऱ्यांतही, काही आठवड्यांत दिसू लागते, असे या विषयावरील अभ्यासांत आढळले आहे. ‘एकदा घेऊन पाहिले तर काय होते’ याचे उत्तर असे आहे. भारतात 2019 च्या कायद्याने या यंत्रांचे उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात सगळेच बंद आहे. म्हणून मुलाच्या दप्तरात ते सापडले तर त्याच्यामागे एखादा मोठा माणूस आहे, हे धरून चालावे.

मावा, खर्रा आणि गुटख्याची गोष्ट याहून जुनी आणि आपल्या अधिक जवळची. त्यांत तंबाखूबरोबर सुपारी असते आणि सुपारीने गालांच्या आतील कातडी हळूहळू ताठ होत जाते. तिखट जेवण झोंबू लागते, मुलगा भाजीतली मिरची बाजूला काढू लागतो, मग तोंड पूर्वीइतके उघडत नाही. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमधून आत जातात का, हे घरी पाहता येते. जात नसतील तर दंतवैद्याकडे जाण्यास उशीर करू नये. कारण गेलेली लवचीकता सहसा पूर्ण परत येत नाही, आणि पुढे त्याच जागी कर्करोगाचा धोका असतो.

“पण मौलाना, तंबाखू थोडीच हराम आहे, मकरूह आहे,” असे मला मुले सांगतात. त्यांना हे मोठ्यांनी शिकवलेले असते. तंबाखू मुस्लिम देशांत पोहोचली ती दहाव्या-अकराव्या हिजरी शतकाच्या सुमारास. त्या काळच्या उलमांत तिच्याविषयी खरोखर मतभेद होते. दमिश्कचे अब्दुल गनी नाबुलुसी यांनी ती मुबाह असल्याच्या बाजूने ग्रंथच लिहिला. परंतु तिच्या नुकसानीचे जे ज्ञान आज आपल्याला आहे ते त्यांच्यापुढे नव्हते, आणि आज अनेक उलमा तिला हराम म्हणतात. माझेही मत तेच आहे. ज्यांचे मत वेगळे आहे त्यांना मी एवढेच विचारतो की, आपल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात ती पाहून आपण मकरूह म्हणून शांत बसाल का?

दारूविषयी असा मतभेदच नाही. तिच्या मनाईच्या इतिहासात एक बारकावा मात्र आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. सहीह बुखारीत आहे की, हजरत अनस (रजि.) हे तेव्हा वयाने लहान होते आणि अबू तल्हा (रजि.) यांच्या घरी जमलेल्या मंडळींना पेले भरून देत होते. बाहेर पुकारणाऱ्याने मनाई झाल्याचे जाहीर केले. अबू तल्हांनी अनसला सांगितले की, जा, ती ओतून टाक. आणि मदीनेच्या गल्ल्यांतून दारू वाहिली. तेथे कोणा एकाने उभे राहून मित्रांना नकार द्यायचा प्रसंगच आला नाही. सगळी मैफल एकदम थांबली. नकार देणारा कोणी वेगळा पडला नाही, कारण नकार हीच मैफलीची रीत झाली. आणि ती ओतायला सांगणारा त्या घरातील थोरला माणूस होता.

मग ज्या मैफलीची रीत अजून बदललेली नाही तेथे एकट्या मुलाने काय करावे? सॉलोमन ॲश यांनी 1950 च्या दशकात एक साधा प्रयोग केला होता. समोर एक रेघ. शेजारच्या तीन रेघांतील कोणती तिच्याएवढी, एवढेच सांगायचे. खोलीतील बाकी सारे ॲशचेच लोक होते आणि ठरवून चूक उत्तर देत. खऱ्या उमेदवाराने अशा फेऱ्यांत साधारण एक तृतीयांश वेळा डोळ्यांदेखत चूक असलेले उत्तर दिले. नंतर ॲशने एकच बदल केला: बरोबर उत्तर देणारा एक सोबती त्या गटात बसवला. चुका एक चतुर्थांशावर आल्या. बहुमत तसेच होते, फक्त माणूस एकटा नव्हता. कुरआनने कहफवाल्यांना ‘फित्या’, म्हणजे तरुण, म्हटले आहे, आणि ते अनेकवचनी आहे. ते उभे राहिले तेव्हा अल्लाहने त्यांची मने बळकट केली. पण ते एकमेकांच्या सोबतीने उभे राहिले.

म्हणून मी त्या मुलाला पाचही मित्र तोडायला सांगितले नाही. तसे सांगितले असते तर तो माझ्याकडेच यायचा थांबला असता. आणि हेही खरे की, मुले नेहमी मित्रांमुळेच बदलतात असे नाही. आधी स्वतः एका दिशेला झुकतात आणि मग तसेच मित्र शोधतात. मी त्याला विचारले, “तुझ्यासारखाच नाइलाजाने ओढणारा या पाचांत कोण वाटतो?” त्याने एक नाव घेतले. ते नाव बरोबर होते, हे मला ठाऊक होते, पण एकाचे बोलणे दुसऱ्याला सांगणे अमानतीत खयानत झाली असती, म्हणून मी फक्त म्हणालो, “त्याला एकटा गाठून विचार.” आठ दिवसांनी दोघे मिळून आले.

त्या दोघांकडून आम्ही मशिदीच्या ओट्यावर नकाराचा सराव करून घेतला. हसू येत होते, पण केला. पहिल्यांदा तो म्हणाला, “आज नको, खोकला आहे.” मी म्हटले, यात उद्याचे आमंत्रण आहे, खोकला बरा झाला की काय करशील? मग त्याने अब्बांचे नाव घेतले, हराम-हलालवर बोलू लागला. त्यावर दुसऱ्याने लगेच वाद घातला, तू तर महिनाभर ओढत होतास, मग आज काय झाले? लांब कारण दिले की समोरच्याला ते खोडून काढावेसे वाटते. शेवटी उरले ते इतके: “नको, मी सोडले,” आणि पाय चालते करायचे, दुसऱ्याने लगेच “मीपण” म्हणायचे. दिल्ली आणि चेन्नईतील 32 शाळांत 2004 ते 2006 या काळात ‘मायत्री’ नावाचा एक मोठा उपक्रम झाला. सहावी ते नववीच्या मुलांसाठी त्यात असेच सराव होते आणि ते घेण्यात वर्गातीलच निवडलेली मुले पुढे होती. ज्या शाळांत उपक्रम झाला नाही तेथे दोन वर्षांत तंबाखूचा वापर वाढला. झाला तेथे घटला. समवयस्कांचे बळ दोन्हीकडे चालते.

घराविषयी एक गोष्ट उरते. स्वीडनमधील चौदा वर्षांच्या मुलांच्या अभ्यासातून हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी 2000 साली दाखवले की, मुले कुठे असतात, काय करतात हे ज्या आईवडिलांना ठाऊक असते, त्यांना ते मुख्यतः चौकशी किंवा पाळत ठेवून कळलेले नसते. मुलाने आपणहून सांगितलेले असते. मग प्रश्न असा की, मूल कोणाला सांगते? मुस्नद अहमदमध्ये एका तरुणाची हकीकत आहे. त्याने प्रेषित (स.) यांच्यापुढे येऊन व्यभिचाराची परवानगी मागितली. लोक त्याच्यावर ओरडले. प्रेषितांनी (स.) त्याला जवळ बोलावून बसवले, तुझ्या आईसाठी, मुलीसाठी, बहिणीसाठी तुला हे आवडेल का, असे एकेक विचारले, मग त्याच्यावर हात ठेवून दुआ केली. तो तरुण असला प्रश्न तेथे विचारू शकला, हेच मला त्या हकीकतीत सर्वांत मोठे वाटते. आपल्या घरात असा प्रश्न पहिल्याच वाक्याला चपलेने थांबतो, आणि दुसरे वाक्य मुलगा भिंतीमागे जाऊन बोलतो.

त्या मुलाच्या अब्बांना सांगायचे की नाही, यावर आमची पुष्कळ चर्चा झाली. अखेर त्याने स्वतः सांगायचे आणि मी जवळ बसायचे, असे ठरले. अब्बा रिक्षा चालवतात, स्वभावाने तापट आहेत. त्यांनी ऐकून घेतले, बराच वेळ गप्प बसले. मग खिशातली तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी काढून आमच्यामध्ये सतरंजीवर ठेवली आणि मुलाला म्हणाले, “मी तुला काय बोलू?” पुडी उचलायची की नाही, हे तिघांनाही कळेना.

त्यांनी ती पूर्ण सोडली आहे असे मी लिहू शकत नाही. रमजाननंतर दोनदा मी त्यांच्या ओठांत पाहिली. मुलाने मात्र यंत्र सोडून आता सात महिने झाले. पहिले दोन आठवडे फार जड गेले, झोप लागत नव्हती, आईवर ओरडत होता. तिला कारण सांगितले होते म्हणून तिने निभावले. मध्ये एकदा एका लग्नात तो घसरला आणि दुसऱ्याच दिवशी येऊन मला सांगून गेला. पाचांतील तिसरा मुलगाही हल्ली या दोघांबरोबर शिकवणीहून परततो. आणि भिंतीच्या टोकाशी ज्यांची टपरी आहे, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणे आणि अठरा वर्षांखालील मुलाला ती देणे हे दोन्ही 2003 च्या कायद्याने गुन्हा असताना जे दोन्ही करतात, ते गृहस्थ जुम्याला माझ्या मागे पहिल्या सफमध्ये उभे असतात. त्यांच्याशी मी दोनदा बोललो आहे. “मी नाही विकले तर शेजारचा विकेल, मौलाना,” असे ते म्हणाले. तिसऱ्यांदा जाणार आहे, आणि या वेळी मुलाच्या अब्बांनी बरोबर येतो म्हटले आहे.